आषाढ पौर्णिमेच्या व्हिडिओची स्क्रिप्ट: पंचशील, फुलं आणि दिवा

प्रश्न: जय भीम ताई. आषाढ पौर्णिमेला आमच्या विहारातर्फे सात-आठ मिनिटांचा व्हिडिओ करायचाय. पंचशील काय, आणि आपण फुलं-मेणबत्ती का वाहतो हे नवीन मुलांना समजेल अशी स्क्रिप्ट कशी लिहायची? आम्ही लिहिलेली फारच भाषणासारखी झालीय.

उत्तर: जय भीम, नमो बुद्धाय. मी बरीच वर्षं विहारात मुलांना वंदना शिकवते आणि पौर्णिमेच्या व्हिडिओंच्या स्क्रिप्टही लिहिते, त्यामुळे खाली जवळजवळ पूर्ण स्क्रिप्टच देतेय, तुमच्या वस्तीच्या बोलीत बदलून घ्या. पण आधी एक गोष्ट ठरवा, म्हणजे भाषणाचा प्रश्न आपोआप सुटेल. व्हिडिओत आधी शील येऊ द्या आणि पूजा नंतर. बहुतेक जण उलटं करतात कारण फुलं आणि मेणबत्त्या कॅमेऱ्यात छान दिसतात, मग पहिली तीन मिनिटं हार-फुलं आणि शील शेवटी घाईघाईत उरकलेलं. बघणाऱ्या मुलाला वाटतं की ही पण आरतीसारखीच कायतरी पूजा आहे आणि पंचशील म्हंजे तिच्यातलं एक स्तोत्र. आपल्या वंदनेचा क्रम मुळात असा नाहीच. मेणबत्ती-अगरबत्ती सुरुवातीला पेटवतो हे खरं, पण गाथा म्हणताना आधी नमो तस्स, मग त्रिसरण, मग पंचशील, आणि त्यानंतर बुद्धपूजेच्या गाथा येतात. स्क्रिप्टने हाच क्रम धरायचा.

ह्या क्रमामागे कारण आहे आणि ते स्क्रिप्टमध्ये एका ठिकाणी यायलाच हवं. महापरिनिब्बान सुत्तात प्रसंग आहे, कुसिनाऱ्याला दोन शालवृक्षांच्या मध्ये तथागत पहुडलेत, अवेळी फुलं फुललीयत आणि त्यांच्या अंगावर पडतायत, आणि ते आनंदाला सांगतात की तथागताचा खरा सन्मान असा होत नाही, जो भिक्खू-भिक्खुनी, उपासक-उपासिका धम्माप्रमाणे वागतो तोच तथागताचा सर्वात मोठा सन्मान करतो. आपल्या परंपरेत ह्याला दोन नावं आहेत, वस्तू वाहून केलेली ती आमिसपूजा आणि आचरणाने केलेली ती पटिपत्तिपूजा. फुलं वाहू नका असं ह्यातून निघत नाही, फक्त फुलाचं स्थान कुठे ते कळतं. अख्खा व्हिडिओ ह्या एका धाग्यावर उभा राहतो, दुसरं काही कोंबायची गरज नाही.

आणि आषाढ पौर्णिमा ह्यासाठी सगळ्यात योग्य दिवस आहे. सारनाथला, म्हंजे तेव्हाच्या इसिपतनच्या मृगदाव वनात, पाच परिव्राजकांना पहिला उपदेश झाला तो ह्या पौर्णिमेला. बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' मध्ये हा पहिला उपदेश सांगताना विशुद्धीचा मार्ग पहिला घेतलाय आणि त्यात हीच पाच तत्त्वं आहेत. शिवाय दुसऱ्या दिवसापासून वर्षावास सुरू, तो आश्विन पौर्णिमेपर्यंत तीन महिने, आणि आपल्याकडे विहारांमध्ये ह्याच ग्रंथाचं वाचन बसतं. म्हणजे व्हिडिओ बघून जो येईल त्याच्यासाठी पुढचा कार्यक्रम तयारच आहे.

आता लांबी. कॅमेऱ्यासमोर न धापता बोललं तर मिनिटाला शंभर-एकशे दहा शब्द होतात. आठ मिनिटांतली जवळपास तीन मिनिटं पालीला जातात, कारण नमो तस्स तीनदा, त्रिसरण तीन आवर्तनात आणि मग पाच शीलं, हे सावकाशच म्हणायला हवं. म्हणजे तुमच्या निवेदनाला उरले साधारण पाचशे शब्द. तुमची स्क्रिप्ट भाषणासारखी झाली त्याचं एक कारण हेच असणार, शब्द जास्त असले की माणूस पळतो आणि पळता पळता सूर चढतो. खालची लिहिलीय ती ह्या मापात आहे.

सुरुवात विहाराच्या दारातून, चपला काढताना, निवेदक चालत चालत बोलतोय:

"जय भीम, नमो बुद्धाय. आज आषाढ पौर्णिमा. ज्ञान मिळाल्यावर तथागत बोधगयेहून चालत सारनाथला आले. तिथे पाच जण होते, कौंडिण्य, वप्प, भद्दिय, महानाम आणि अश्वजित. हे त्यांचे जुने सोबती, पण सिद्धार्थाने उपासमार सोडून अन्न घेतलं म्हणून रागावून निघून गेलेले. त्यांनी लांबून बघितलं आणि ठरवलं की उठून उभं राहायचं नाही. पण जवळ आल्यावर त्यांना राहवलं नाही, एकाने पात्र घेतलं, एकाने आसन मांडलं. मग जो उपदेश झाला त्याला आपण धम्मचक्र प्रवर्तन म्हणतो. आज आपण तिथूनच सुरू करू, पाच शीलांपासून."

इथे कट करून आत बसलेली माणसं दाखवा, पांढऱ्या कपड्यात, हात जोडून. नमो तस्स आणि त्रिसरण अख्खं जाऊ द्या, वर निवेदन टाकू नका, पार्श्वसंगीत तर नकोच. त्यानंतर पंचशील. मी प्रत्येक शील आधी पालीत म्हणून लगेच मराठीत दोन-तीन वाक्यं असं ठेवते, कारण पाचही एकदम म्हणून मग अर्थ सांगितला की पोरांना कुठला अर्थ कशाचा ते लागत नाही.

"पाणातिपाता वेरमणी सिक्खापदं समादियामि.
मी जीवहिंसेपासून अलिप्त राहण्याचं शील ग्रहण करतो. नकळत पायाखाली मुंगी आली तर शील मोडत नाही, शील बघतं तुमचा हेतू. रागाने कुत्र्याला दगड मारणं, बायकोवर-पोरावर हात उगारणं, हे मात्र नक्की ह्यात येतं.

अदिन्नादाना वेरमणी सिक्खापदं समादियामि.
जे दिलेलं नाही ते मी घेणार नाही. पाकीट मारणं तर झालंच, पण कामाला लावलेल्या माणसाची मजुरी दाबून ठेवणं, मंडळाच्या वर्गणीतले पैसे वापरणं, हेही न दिलेलं घेणंच आहे.

कामेसु मिच्छाचारा वेरमणी सिक्खापदं समादियामि.
मी कामवासनेच्या गैरवर्तनापासून दूर राहीन. ज्या नात्यात फसवणूक आहे, जबरदस्ती आहे, समोरच्याची इच्छा नाही, तिथे मी पाऊल टाकणार नाही.

मुसावादा वेरमणी सिक्खापदं समादियामि.
मी खोटं बोलणार नाही. खरं आहे का हे न बघता एखाद्याची बदनामी मोबाईलवर पुढे ढकलली, तर आपल्या तोंडून एक शब्द न निघताही खोटं पसरतं.

सुरामेरय मज्ज पमादट्ठाना वेरमणी सिक्खापदं समादियामि.
दारू आणि नशेच्या पदार्थांपासून मी दूर राहीन, कारण त्याने माणूस बेसावध होतो. आणि बेसावध माणसाकडून वरची चारही शीलं एका रात्रीत मोडू शकतात.

ह्या कुणी वरून दिलेल्या आज्ञा नाहीत. प्रत्येक ओळीच्या शेवटी आपण म्हणतो, समादियामि, मी स्वतःहून हे ग्रहण करतो. मोडलं तर पुढच्या वंदनेला पुन्हा घ्यायचं आणि पुन्हा पाळायचं."

शीलाचा भाग इथे संपला. ह्या भागात कुठे घोळ होतो ते जरा सविस्तर सांगते कारण व्हिडिओ एकदा गेला की चुकीचा उच्चार पन्नास घरांत पाठ होतो. 'अदिन्नादाना' मध्ये न दुहेरी आहे, घाईत तो 'अदिनादाना' होतो. 'वेरमणी' चा शेवट दीर्घ, 'सिक्खापदं' चा अनुस्वार तोंड मिटून नीट वाजला पाहिजे. सगळ्यात जास्त गडबड पाचव्या शीलात, लोक 'सुरामेर' वर श्वास तोडतात आणि पुढे 'यमज्ज' असं कायतरी होतं. 'सुरा-मेरय-मज्ज' एका दमात, मग हवं तर थांबा, मग 'पमादट्ठाना'. म्हणणाऱ्याला आधी रेकॉर्ड करून ऐकवा, स्वतःचं स्वतःला लगेच कळतं.

पहिल्या शीलावर कमेंटमध्ये हमखास प्रश्न येणार, मटण-मासे खाल्ले तर शील मोडतं का? व्हिडिओत ह्याचं उत्तर द्यायला जाऊ नका, दोन मिनिटं त्यातच जातील. पण उत्तर तयार ठेवा. बाबासाहेबांनी मारण्याची इच्छा आणि मारण्याची गरज ह्यात फरक केलाय आणि अहिंसा हे तत्त्व आहे, ताठर नियम नाही असं मांडलंय. थेरवाद परंपरेत पण जीवहिंसा पूर्ण व्हायला पाच गोष्टी लागतात असं धरतात, जीव असणं, तो जिवंत आहे हे माहीत असणं, मारायचा हेतू, त्यासाठी केलेली कृती आणि त्यातून झालेला मृत्यू. एवढं लिहिलं तरी प्रामाणिकपणे विचारणाऱ्याचं समाधान होतं.

आणखी एक. शीलाची याचना असते, 'ओकास अहं भन्ते' वाली, ती भन्ते समोर असतील तरच स्क्रिप्टमध्ये घ्या. त्यात आपण भन्तेंकडे शील मागतो आणि ते देतात. भन्ते नसताना एखादा कार्यकर्ता कॅमेऱ्यासमोर 'यमहं वदामि तं वदेथ' म्हणून शील द्यायला लागला तर ते बरोबर दिसत नाही. उपासक एकत्र बसून थेट त्रिसरण-पंचशील म्हणतात तेच दाखवा.

आता पूजा. कॅमेरा हातावर आणा, चेहऱ्यावर नको. एका लहान मुलीला फूल वाहू द्या आणि निवेदन असं:

"शील घेतल्यावर आता आपण फूल वाहतो. तथागतांना ह्या फुलाची गरज नाही, ते इथे बसून वास घेत नाहीत. आपण काही मागत नाही, नवसही बोलत नाही. ज्यांनी रस्ता दाखवला त्यांच्याबद्दलची कृतज्ञता हाताने दाखवतो, आणि त्याच वेळी स्वतःला एक आठवण करून देतो.

वण्णगन्धगुणोपेतं एतं कुसुमसन्ततिं,
पूजयामि मुनिन्दस्स सिरिपादसरोरुहे.
पूजेमि बुद्धं कुसुमेन नेन, पुञ्ञेन मेतेन लभामि मोक्खं,
पुप्फं मिलायाति यथा इदं मे, कायो तथा याति विनासभावं.

रंग आणि सुगंध असलेली ही फुलं मी मुनींद्राच्या चरणकमळांवर वाहतो, ह्या पुण्याने मला मुक्ती मिळो. हे फूल जसं कोमेजतं, तसंच माझं शरीरही एक दिवस नाश पावणार आहे. म्हणून आज जे शील घेतलं ते उद्यावर ढकलायचं नाही.

मग दिवा.

घनसारप्पदित्तेन दीपेन तमधंसिना,
तिलोकदीपं सम्बुद्धं पूजयामि तमोनुदं.

अंधार घालवणाऱ्या ह्या तेजस्वी दिव्याने मी त्या सम्यक संबुद्धाची पूजा करतो, जे तिन्ही लोकांचा दीप आहेत आणि अज्ञानाचा अंधार दूर करतात. त्यांनी सांगितलेलं मी वाचीन, पडताळून बघीन आणि पटलं की तसं वागेन.

कुसिनाऱ्याला तथागतांवर झाडांनी फुलं वाहिली तेव्हा ते आनंदाला म्हणाले की धम्माप्रमाणे वागणारा माणूस माझा सर्वात मोठा सन्मान करतो. आपलं फूल आणि आपला दिवा त्या वागण्याच्या सोबतीला आहेत."

अगरबत्तीची धूपपूजा तुमच्याकडे होत असेल तर दाखवा, पण तिचा अर्थ सांगत बसू नका, वेळ पुरत नाही. फुलाच्या गाथेला मात्र कंजूषी नको, कारण अख्ख्या पूजेत मुलांच्या मनात बसते ती हीच ओळ, पुप्फं मिलायाति. ह्यासाठी एक काम करा. व्हिडिओसाठी ताट सजवाल ते तसंच ठेवा आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्याच जागेवरून, त्याच उंचीवरून परत शूट करा. गाथेचा अर्थ चालू असताना ताजं ताट आणि लगेच सुकलेलं ताट लावा. त्यावर वेगळं काही बोलावं लागत नाही. पण ह्यासाठी शूटिंग पौर्णिमेच्या तीन-चार दिवस आधी उरकायला हवं.

फुलं कुठली? जी मिळतील ती चालतात, पाच-सात पुरे. आषाढात तगर सहज मिळते, जाई-जुई असतात, सोनचाफा मिळाला तर उत्तम. पावसात भिजलेली फुलं आधी फडक्यावर पसरून कोरडी करा, नाहीतर ताटात पाणी साचतं आणि दिव्याच्या उजेडात ते घाण दिसतं. प्लास्टिकची फुलं नकोत, त्यांच्यासमोर ही गाथा म्हणताच येत नाही. हारांचा ढीग पण नको. बुद्धाच्या आणि बाबासाहेबांच्या प्रतिमेपुढे एकेक छोटं ताट ठेवलं की जो घरी एकटा बसून बघतोय त्यालाही वाटेल की हे मला जमेल. तेलाचा दिवा की मेणबत्ती ह्यावर वाद घालू नका, आपल्याकडे मेणबत्ती रूढ आहे, तेलाचा दिवाही चालतो.

शूटिंगचं थोडं. पंखा बंद, कारण ज्योत फडफडते आणि माईकमध्ये घरघर येते. खोली पूर्ण अंधारी करून फक्त मेणबत्त्यांवर शूट करायचा मोह होतो, तसं केलं की मोबाईल उजेड वाढवायला जातो, ज्योत पांढरा गोळा होते आणि मूर्ती काळी पडते. कॅमेऱ्याच्या मागची एक ट्यूब चालू ठेवा, स्क्रीनवर मूर्तीच्या चेहऱ्यावर बोट दाबून फोकस आणि उजेड लॉक करा, मग रेकॉर्ड दाबा. फ्लॅश नको, पितळी मूर्तीवर चट्टा पडतो. अगरबत्ती लेन्सच्या समोर येणार नाही अशी बाजूला लावा, आणि मुलगी फूल वाहताना तिची ओढणी मेणबत्तीच्या बाजूने जाणार नाही हे एकाने उभं राहून बघायचं. मेणबत्त्या फुलांच्या ताटाच्या मागे आणि थोड्या उंच ठेवल्या तर हा धोका कमी होतो.

शब्दांचं एक सांभाळा. निवेदकाला सवयीने 'देवाची पूजा', 'आरती', 'प्रसाद', 'आशीर्वाद मागूया' असं बोलायची लकब असते आणि एडिटिंगमध्ये कुणाच्या लक्षात येत नाही. 14 ऑक्टोबर 1956 ला नागपूरला बाबासाहेबांनी चंद्रमणी महास्थवीरांकडून त्रिसरण-पंचशील घेतलं आणि मग लोकांना बावीस प्रतिज्ञा दिल्या, त्यात चोरी, खोटं, व्यभिचार, दारू सोडण्याच्या प्रतिज्ञाही आहेत आणि देवदेवतांची उपासना न करण्याच्याही. पौर्णिमेच्या व्हिडिओत नवसाची भाषा आली तर त्या प्रतिज्ञांशी ती जुळत नाही. खीरदान असेल तर खीरदानच म्हणा, वंदनेला वंदना म्हणा.

शेवटी अष्टशीलाचा उल्लेख दोन वाक्यांत करा, कारण पौर्णिमेला उपोसथ पाळणारे आपल्यात आहेत:

"ज्यांना आज उपोसथ पाळायचाय ते आठ शीलं घेतात. त्यात तिसरं शील त्या दिवसापुरतं पूर्ण ब्रह्मचर्याचं होतं आणि तीन वाढतात, दुपारनंतर जेवण नाही, नाचगाणं आणि नटणं-सजणं नाही, उंच आणि ऐषारामी बिछाना नाही. हे दुसऱ्या दिवशीच्या सूर्योदयापर्यंत. उद्यापासून आपल्या विहारात वर्षावासाचं ग्रंथवाचन सुरू होतंय, जरूर या. भवतु सब्ब मंगलं. जय भीम."

अष्टशीलाबद्दल व्हिडिओखाली एक ओळ लिहा की डायबिटीसवाल्यांनी, गरोदर बायकांनी आणि ज्यांची औषधं जेवणाशी बांधलेली आहेत त्यांनी दुपारनंतर न जेवायचं शील डॉक्टरला विचारूनच घ्यावं, पाणी आणि औषध तर कुणीच सोडायचं नाही. आजी-आजोबा व्हिडिओ बघून उत्साहात करायला जातात आणि संध्याकाळी चक्कर येते.

व्हिडिओ टाकायची वेळ पण बघा. पौर्णिमा कधीकधी आदल्या दिवशी संध्याकाळीच लागते आणि दोन कॅलेंडरांत दोन दिवस दिसतात, तेव्हा तुमच्या विहाराने जो दिवस जाहीर केलाय तोच व्हिडिओत सांगा आणि आदल्या दिवशी दुपारपर्यंत टाका, म्हणजे ज्याला फुलं आणायचीयत, उपोसथाची तयारी करायचीय त्याला वेळ मिळतो. पालीच्या सगळ्या ओळी स्क्रीनवर देवनागरीत मोठ्या अक्षरात टाका, जोडाक्षरं फुटलेली नाहीत ना हे एका जुन्या मोबाईलवर पण तपासा, आणि फूल वाहणाऱ्या मुलीच्या आई-वडिलांना टाकायच्या आधी अख्खा व्हिडिओ दाखवा.